दालचिनीचं पाणी, शुगर आणि लिव्हर: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी पुण्यात मधुमेही लोकांच्या आहाराचं काम करते. तळजाईला सकाळी चालायला जाणाऱ्यांपैकी निदान निम्मे लोक घरून दालचिनीचं पाणी पिऊन निघतात, असा माझा अंदाज आहे, कारण त्यांचेच प्रश्न मला सगळ्यांत जास्त येतात. शिवाय बाजारात दालचिनी म्हणून बहुधा तज मिळते, आणि तिच्यातलं कुमारिन रोज जास्त पोटात गेलं तर लिव्हरला त्रास होऊ शकतो. तेच तेच प्रश्न पुन्हा येतात म्हणून उत्तरं एकदाच नीट लिहून ठेवली आहेत. एखाद्या उत्तराचा भाग दुसऱ्या प्रश्नात आला असेल तर तिथला क्रमांक दिला आहे.

१. दालचिनीच्या पाण्याने शुगर खरंच उतरते का?

काहींची थोडी उतरते, तीही मुख्यतः उपाशीपोटीची. या सगळ्या प्रकरणाला जोर आला तो २००३ साली पाकिस्तानात झालेल्या एका अभ्यासामुळे. टाइप २ मधुमेहाच्या ६० लोकांवर तो झाला. काहींना रोज १ ग्रॅम, काहींना ३ आणि काहींना ६ ग्रॅम दालचिनी ४० दिवस दिली, आणि उपाशीपोटीची शुगर १८ ते २९ टक्क्यांनी उतरली. आकडा इतका देखणा होता की तो जगभर फिरला.

पुढे इतर ठिकाणी अभ्यास झाले तेव्हा निकाल एकसारखे आले नाहीत. २०१२ मध्ये कोक्रेन या संस्थेने १० अभ्यास, म्हणजे ५७७ लोकांची माहिती, एकत्र तपासली. एचबीए१सीमध्ये, म्हणजे तीन महिन्यांच्या सरासरीत, भरवशाने सांगता येईल असा फरक त्यांना दिसला नाही. नंतरच्या काही तपासण्यांत उपाशीपोटीची शुगर उतरलेली दिसते, पण एचबीए१सीच्या बाबतीत चित्र अजूनही धूसर आहे. आणखी एक गोष्ट सहसा कुणी सांगत नाही. यातल्या बहुतेक अभ्यासांत लोकांना दालचिनीची पूड कॅप्सूलमध्ये भरून दिली होती. रात्री काडी भिजवून सकाळी पाणी प्यायचं, हा आपला प्रकार त्यात जवळजवळ नव्हताच.

२. दुकानदाराने दालचिनी म्हणूनच दिली, मग ती ‘तज’ कशी?

कारण आपण बोलताना दोन्हींना दालचिनीच म्हणतो. झाडं मात्र वेगळी आहेत. खरी दालचिनी म्हणजे सिनॅमोमम व्हेरम या झाडाची आतली साल. ती मूळची श्रीलंकेची, म्हणून तिला सिलोन दालचिनी म्हणतात. आपल्या कोकणातही ती होते; दापोलीच्या कृषी विद्यापीठाने काढलेली ‘कोकण तेज’ ही जात याच झाडाची. तज म्हणजे कॅसिया. ती चीन, व्हिएतनाम आणि इंडोनेशियातून येते आणि तिच्या दोन-तीन वेगवेगळ्या जाती आहेत. आपल्याकडचे अन्न सुरक्षेचे नियमसुद्धा तज आणि दालचिनी हे दोन वेगळे पदार्थ धरतात.

रविवार पेठेत किंवा मार्केट यार्डात नुसतं ‘दालचिनी द्या’ म्हटलं की हातात बहुधा तजच पडते. ती स्वस्त असते, वास झणझणीत असतो आणि मसाल्याला तीच चालते. दुकानदार तुम्हाला फसवत नाही, तुम्ही मसाल्यासाठी मागताय असं तो गृहीत धरतो. ‘सिलोनची हवी’ असं स्पष्ट सांगितलं तर बऱ्याच ठिकाणी आतून वेगळी बरणी निघते. भाव ऐकूनच ती वेगळी असल्याचं कळतं.

३. घरी ओळखायची कशी?

काडी असेल तर सोपं आहे. तिचं टोक उजेडात धरून बघा. सिलोन दालचिनीच्या नळीत कागदासारखे पातळ पापुद्रे एकात एक गुंडाळलेले असतात, आत पोकळी फारशी दिसत नाही. रंग फिकट, भाकरीच्या भाजलेल्या पापुद्र्यासारखा. बोटांनी दाबली तर चुरा होतो. तज म्हणजे एकच जाड साल. ती दोन्ही कडांनी आत वळलेली असते किंवा सरळ चपट्या तुकड्यात येते. रंग गडद तांबूस आणि इतकी टणक, की घरच्या मिक्सरच्या भांड्यात खडखडते.

इथे एक फसगत होते. व्हिएतनामहून छान गोल गुंडाळलेली तज येते, तिला बाजारात ‘सिगार’ म्हणतात. गुंडाळी बघून लोकांना ती सिलोनची वाटते. पण टोक पाहिलं की साल एकपदरी आणि जाड असल्याचं कळतं. तेव्हा आकार पाहू नका, पदर मोजा.

पुडीचं मात्र अवघड आहे. दळल्यावर दोन्ही जवळजवळ सारख्याच दिसतात. तजची पूड रात्रभर पाण्यात राहिली तर पाणी बुळबुळीत होतं आणि चमच्याला तार धरतं, हे बऱ्याच जणांनी पाहिलं असेल. तेवढ्यावरून निदान करता येत नाही. पुडीवर झाडाचं नाव लिहिलेलं नसेल तर ती तज आहे असंच धरून चाला.

४. कुमारिन म्हणजे नेमकं काय? ते लिव्हरला काय करतं?

नुकत्याच कापलेल्या गवताला जो गोडसर वास येतो, त्यात कुमारिनचा हात असतो. काही झाडांत ते निसर्गतः असतं. तजमध्ये भरपूर असतं, सिलोन दालचिनीत नावापुरतं. एकेकाळी वासासाठी ते पदार्थांत वरून घालत. अमेरिकेने १९५४ साली ते बंद केलं, कारण प्राण्यांवरच्या प्रयोगांत लिव्हरला इजा दिसली.

माणसाच्या शरीरात बहुतेकांच्या बाबतीत लिव्हरमधलं एक एन्झाइम कुमारिनचं निरुपद्रवी रूपांतर करतं आणि ते लघवीवाटे बाहेर जातं. काही लोकांमध्ये हे एन्झाइम जन्मतःच मंद असतं. त्यांच्यात कुमारिन दुसऱ्या वाटेने जातं आणि त्या वाटेवर तयार होणारी रसायनं लिव्हरच्या पेशींना त्रास देतात. आपण कोणत्या गटात आहोत हे नेहमीच्या तपासणीत कळत नाही. हात-पाय सुजण्याच्या एका आजारावर कुमारिन औषध म्हणून मोठ्या डोसात देत असत, तेव्हा हेच दिसलं. बहुतेकांना काही झालं नाही, थोड्या लोकांचं लिव्हर बिघडलं आणि काही देशांनी ते औषध काढून घेतलं. दिलासा एवढाच, की औषध थांबवल्यावर बहुतेकांचं लिव्हर पूर्ववत झालं.

५. मग रोज किती चालेल? ‘एक चमचा’ म्हणजे किती?

युरोपच्या अन्न सुरक्षा संस्थेने घातलेली मर्यादा अशी: वजनाच्या दर किलोमागे रोज ०.१ मिलिग्रॅम कुमारिन, तेही जन्मभर रोज घेतलं तरी चालेल अशा बेताने. ६० किलो वजनाला ६ मिलिग्रॅम झाले. तजमध्ये कुमारिन सरासरी ०.३ टक्के धरतात, म्हणजे एका ग्रॅमला ३ मिलिग्रॅम. ६० किलोच्या माणसाला दिवसाला २ ग्रॅम तज ही हद्द झाली.

आता चमचा. चहाचा चमचा पुडीने भरून वरून सुरीने सपाट केला तर साधारण अडीच ग्रॅम भरतात. त्यात साडेसात मिलिग्रॅम कुमारिन येतं, म्हणजे ६० किलोवाल्याने एका सपाट चमच्यातच हद्द ओलांडली. आणि सपाट चमचा घेतो कोण? आपण चमचा डब्यात खुपसतो आणि शीग लावूनच बाहेर काढतो.

दोन गोष्टी लक्षात ठेवा. ०.३ टक्के ही सरासरी आहे. एकाच झाडाच्या वेगवेगळ्या सालींतही प्रमाण खूप बदलतं आणि व्हिएतनामी तजमध्ये ते बहुधा याहून जास्त असतं. दुसरी गोष्ट, ही मर्यादा म्हणजे विषाची रेषा नाही. प्राण्यांत ज्या मात्रेला त्रास दिसला नाही तिच्या शंभराव्या भागावर ती ठेवलेली आहे. याच संस्थेच्या मते एक-दोन आठवडे मर्यादेच्या तिप्पट गेलं तरी काळजीचं कारण नाही. दिवाळीत चार दिवस जास्त पोटात गेलं म्हणून घाबरू नका. चिंता आहे ती रोजच्या, महिनोनमहिने चालणाऱ्या ग्लासाची.

६. पण मी पूड खातच नाही, फक्त पाणी पिते. पाण्यात कुमारिन उतरतं का?

उतरतं. हा प्रश्न सगळ्यांत जास्त येतो आणि ‘पाणीच तर आहे’ या समजुतीवरच सगळा घोळ होतो.

कुमारिन थंड पाण्यात कमी आणि उकळत्या पाण्यात बऱ्यापैकी विरघळतं, हे खरं. पण आपल्या ग्लासात ते असतंच किती? चार-सहा मिलिग्रॅम. एवढंसं विरघळायला साध्या तापमानाचं एक ग्लास पाणीसुद्धा पुरून उरतं. त्यामुळे अडचण विरघळण्याची नाही, सालीच्या आतून ते बाहेर किती येतं याची आहे. आणि ते तुम्ही पाणी कसं करता यावर ठरतं.

अख्खी काडी रात्रभर थंड पाण्यात टाकली आणि सकाळी काढून घेतली तर सालीतलं थोडंच बाहेर येतं. तीच काडी फोडून दहा-पंधरा मिनिटं उकळली तर बरंच जास्त येतं. पूड उकळून फडक्यातून गाळली तर त्याहून जास्त. आणि पूड पाण्यात ढवळून तळाच्या गाळासकट प्यायलात तर पाणी फक्त नावाला, पूडच खाल्लीत. पाचव्या उत्तरातला हिशेब तिथे जसाच्या तसा लागू होतो.

एकच काडी तीन दिवस उकळणारेही भेटतात. त्यांना दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी कमीच मिळतं, आणि बहुधा ज्याच्यासाठी उकळतात तेही कमीच मिळत असावं. काडीचंही वजन करा. जाड तजचा बोटभर तुकडा पातळ सिलोन नळीपेक्षा कितीतरी जड भरतो, त्यामुळे ‘एक इंच’ या मापाला अर्थ नाही.

७. प्रत्यक्षात कुणाला त्रास झालेला तुम्ही पाहिलाय का?

माझ्या मावशीला. तिच्या परवानगीने सांगते, नाव तेवढं गाळते.

मावशीचं वजन ५४ किलो. मधुमेह नऊ वर्षांचा. मेटफॉर्मिन आणि कोलेस्टेरॉलची एक गोळी चालू. तिने भिशीतल्या मैत्रिणीचं ऐकून सकाळी उपाशीपोटी आणि रात्री झोपताना दालचिनीचं पाणी सुरू केलं. चार महिन्यांनी नेहमीच्या तपासण्या झाल्या आणि एसजीपीटी, म्हणजे लिव्हरच्या तपासणीतला एक आकडा, १२६ आला. आदल्या वर्षी तो ३४ होता. डॉक्टरांनी विचारलं, नवीन काही घेताय का? मावशी म्हणाली, काही नाही. दालचिनीला ती ‘काही’ धरतच नव्हती.

मला हे कळलं तेव्हा मी तिच्याकडे स्वयंपाकघरातला वजनकाटा घेऊन गेले. तिला म्हटलं, रोज घेतेस तसाच चमचा भर. तिने बरणीत चमचा घातला, एकदा हलवला आणि काट्यावरच्या वाटीत ओतला. काट्यावर ४ ग्रॅम आले. तिचा विश्वास बसेना, म्हणून पुन्हा भरायला लावला, तर पुन्हा ४. दिवसाचे झाले ८ ग्रॅम. पूड पाण्यात उकळायची आणि गाळ चमच्याने ढवळत संपवायची. ‘औषध टाकून कसं द्यायचं?’ पूड मंडईजवळून सुटी आणलेली, म्हणजे तज. ८ ग्रॅमांत २४ मिलिग्रॅम कुमारिन आणि ५४ किलोची मर्यादा ५.४, म्हणजे रोज चौपटीहून जास्त, तेही चार महिने.

डॉक्टरांनी हिपॅटायटिस बी आणि सीच्या तपासण्या केल्या, त्या निगेटिव्ह आल्या. सोनोग्राफीत थोडं फॅटी लिव्हर दिसलं, पण ते आधीपासूनच होतं. बाकी गोळ्या तशाच ठेवून फक्त पाणी बंद केलं. चार आठवड्यांनी एसजीपीटी ७१ झाला आणि दहा आठवड्यांनी ३८. दोष दालचिनीचाच, असं शपथेवर सांगता येणार नाही. पुन्हा सुरू करून बघितलं असतं तर कळलं असतं, पण ते करायचं कुणी आणि कशाला? एचबीए१सी पाणी सुरू करण्याआधी ७.६, पाणी चालू असताना ७.४ आणि बंद केल्यावर ७.५. एवढ्याशा फरकासाठी चार महिने तिने ती तार धरलेली चव सहन केली होती.

८. लिव्हरला त्रास होतोय हे कळेल कसं?

सुरुवातीला कळत नाही, हीच अडचण आहे. मावशीला काहीच जाणवत नव्हतं. एसजीपीटी आणि एसजीओटी ही लिव्हरच्या पेशींतली एन्झाइम्स आहेत. पेशी दुखावल्या की ती रक्तात उतरतात आणि रिपोर्टवर आकडा चढतो. लक्षणं त्याच्या बरीच नंतर येतात.

तुम्ही पाचव्या उत्तरातल्या हद्दीच्या वर काही महिने पीत असाल तर एकदा लिव्हर फंक्शन टेस्ट करून घ्या आणि डॉक्टरांना दालचिनीचं नाव घेऊन सांगा. रिपोर्टवर छापलेल्या वरच्या मर्यादेच्या तिप्पट किंवा जास्त आकडा आला तर पाणी त्याच दिवशी बंद आणि डॉक्टरांकडे जायला उशीर नको. थोडासाच वाढलेला असेल तरीही पाणी थांबवा आणि डॉक्टर सांगतील तेव्हा, साधारण चार-सहा आठवड्यांनी, पुन्हा तपासा. एक सांगते, मधुमेहींमध्ये फॅटी लिव्हरमुळेही एसजीपीटी वाढलेला असतो. पाणी बंद करूनही आकडा उतरला नाही तर कारण दुसरं आहे आणि ते शोधायलाच हवं.

भूक मेली, मळमळतंय, लघवी चहासारखी गडद होतेय, अंगाला खाज सुटली, डोळ्यांचा पांढरा भाग पिवळा दिसतोय, यातलं काहीही असेल तर रिपोर्टची वाट बघू नका. त्याच दिवशी डॉक्टर गाठा.

९. रक्त पातळ करण्याची गोळी चालू आहे. कुमारिनने रक्त आणखी पातळ होतं म्हणतात, खरं का?

नावांचा गोंधळ आहे. वॉर्फरिन आणि असिनोकूमॅरॉल ही औषधं कुमारिनच्या घराण्यातली, पण दालचिनीतलं साधं कुमारिन स्वतः रक्त पातळ करत नाही. तरीही या गोळ्या घेणाऱ्यांनी रोजचं पाणी टाळावं असंच मी सांगते, कारण दुसरं आहे. या गोळ्यांचा डोस आयएनआर, म्हणजे रक्त गोठायला किती वेळ लागतो याचा आकडा, तपासून अगदी काटेकोर बसवलेला असतो आणि लिव्हर जरा जरी बिघडलं तरी तो आकडा हलतो. भाजी-आमटीतल्या फोडणीच्या तुकड्याने काही होत नाही.

१०. फॅटी लिव्हर आहे, स्टॅटिन चालू आहे, टीबीची औषधं चालू आहेत. घेऊ का?

टीबीची औषधं चालू असताना अजिबात नाही. त्यातली तीन औषधं स्वतःच लिव्हरवर ताण टाकतात. डॉक्टर त्यासाठी एसजीपीटीवर लक्ष ठेवून असतात. मध्येच दालचिनीने आकडा वाढवला तर कशामुळे वाढला हे कुणालाच कळणार नाही आणि गरजेचं औषध थांबवायची पाळी येईल. संधिवातावरचं मेथोट्रेक्सेट घेणाऱ्यांनाही हेच लागू. कावीळ होऊन गेलेली असेल किंवा रोज दारू घेत असाल, तरीही नको.

स्टॅटिनचं, म्हणजे कोलेस्टेरॉलच्या गोळीचं, जरा वेगळं. स्टॅटिन आणि दालचिनी एकत्र घेतली की सगळ्यांनाच त्रास होतो असं नाही. पण २०१५ साली एक केस छापून आली होती: ७३ वर्षांच्या बाई, स्टॅटिनचा मोठा डोस चालू, त्यात दालचिनीचं सप्लिमेंट सुरू केलं आणि आठवडाभरात लिव्हरला सूज आली. दालचिनी आणि स्टॅटिन दोन्ही थांबवल्यावर त्या बऱ्या झाल्या आणि काही आठवड्यांनी स्टॅटिन पुन्हा सुरू केलं तेव्हा त्रास झाला नाही. एका केसवरून नियम होत नाही. पण पुण्यातला मधुमेही बहुधा स्टॅटिनवालाही असतो आणि फॅटी लिव्हरवालाही, म्हणून अशांना मी तजचं रोजचं पाणी घेऊ नका असंच सांगते.

११. सिलोन दालचिनी घेतली तर मग कितीही चालेल ना?

कुमारिनपुरतं बोलायचं तर काळजी जवळजवळ मिटते. तजच्या मानाने तिच्यात कुमारिन इतकं कमी असतं, की एखाद-दोन ग्रॅमने मर्यादेच्या जवळपासही पोचत नाही. ‘कितीही’ मात्र म्हणणार नाही. जास्त पुडीने तोंड येतं, छातीत जळजळतं.

आणि एक पंचाईत आहे. शुगरवरच्या ज्या अभ्यासांच्या जोरावर आपण हे पाणी पितो, त्यातले बरेचसे तजवर झालेले आहेत. म्हणजे ज्या सालीचा थोडाफार पुरावा आहे तिच्यात कुमारिन जास्त, आणि जी सुरक्षित आहे तिचा पुरावा आणखी तोकडा. मला कुणी ‘प्यायचंच आहे, काय घेऊ’ असं विचारलं तर मी सिलोन, रोज एक ग्रॅमपर्यंत, असं सांगते आणि शुगरच्या बाबतीत फारशी आशा ठेवू नका असंही सांगते.

१२. माझ्या ग्लुकोमीटरवर फरक दिसतोय. तुमचे अभ्यास काय करायचेत?

फरक दिसत असेल, मी खोटं म्हणत नाही. पण तो दालचिनीचाच आहे का ते बघू. घरच्या मीटरचा आकडा प्रयोगशाळेच्या आकड्यापेक्षा १५ टक्क्यांपर्यंत इकडे-तिकडे असला तरी मीटर चांगला धरतात. खरी शुगर १४० असताना मीटर एक दिवस १५२ दाखवेल आणि दुसऱ्या दिवशी १३१, त्यात दालचिनीचा काही संबंध नाही. शिवाय पाणी सुरू करणारा माणूस त्याच आठवड्यात रात्रीचा भात कमी करतो आणि सकाळी पर्वती चढायला लागतो. श्रेय मात्र ग्लासाला मिळतं.

खरं जाणून घ्यायचं असेल तर दोन आठवडे पाणी घ्या, दोन आठवडे बंद ठेवा. रात्रीचं जेवण, त्याची वेळ, चालणं आणि गोळ्या चारही आठवडे तेच. उपाशीपोटीची शुगर रोज एकाच वेळी मोजून वहीत लिहा. शेवटी दोन्ही पंधरवड्यांची सरासरी काढा. सरासरीत पाच-सात आकड्यांचाच फरक असेल तर त्याला फरक म्हणू नका. हा प्रयोग कुणी करू नये हे नवव्या आणि दहाव्या उत्तरांत बघा.

१३. शुगर चांगली येतेय, मग गोळी अर्धी करू का?

नको. दालचिनीने प्रत्यक्ष नुकसान होण्यापेक्षा लोक तिच्या भरवशावर गोळ्या सोडतात, त्याने झालेलं नुकसान मी जास्त पाहिलंय. उलट बाजूही आहे: ग्लिमेपिराइडसारखी गोळी किंवा इन्सुलिन चालू असेल आणि सकाळी नुसतं पाणी पिऊन नाश्ता लांबला, तर शुगर खाली जाऊन घाम, थरथर, डोळ्यांपुढे अंधारी असं होऊ शकतं. त्यात पाण्यापेक्षा लांबलेल्या नाश्त्याचाच वाटा मोठा. डोस कमी करायचा तर वही घेऊन डॉक्टरांकडे जा.

१४. कॅप्सूल घेतल्या तर?

बाटली फिरवून झाडाचं नाव वाचा. व्हेरम किंवा झेलॅनिकम असेल तर सिलोन. कॅसिया, बर्मानी किंवा लॉरेराय असेल तर तज. नुसतं ‘दालचिनी’ असेल तर परत ठेवा. तजच्या ५०० मिलिग्रॅमच्या चार कॅप्सूल म्हणजे २ ग्रॅम, पुढचा हिशेब पाचव्या उत्तरात आहेच.

१५. लहान मुलांना किंवा गरोदरपणात?

मुलांना रोजचं पाणी नको. १५ किलोच्या मुलाची तजची हद्द अर्धा ग्रॅम आहे, चिमूटभर. गरोदर बाईंना शुगर निघाली असेल तर तिचे उपचार ठरलेले आहेत; त्यात हे पाणी बसत नाही.

१६. मध घालून घेतलं तर जास्त गुण येतो का?

एक चमचा मध म्हणजे साधारण एक चमचा साखरच. शुगर उतरवायला घेतलेल्या ग्लासात ती कशाला?

१७. हे वाचून घाबरले. घरात पाव किलो तज आणून ठेवली आहे, तिचं काय करू?

स्वयंपाकात वापरा. मसालेभातात दोन तुकडे टाकले तर ते पाच-सहा जणांत वाटले जातात आणि तुकडा कुणी चावून खात नाही. गोड्या मसाल्यात इतर जिन्नसांच्या मानाने दालचिनी थोडीच पडते आणि आमटीला तो मसाला लागतो चमचाभर. माणशी तज किती जाते हे मी माझ्या स्वयंपाकघरात एकदा महिनाभर मोजलं होतं. दिवसाला पाव ग्रॅमही भरली नाही. मावशीनेही तिची उरलेली पूड गोड्या मसाल्यात घातली. बरणीतला चमचा तेवढा तिने काढून टाकला.